एका रंगाच्या चार वस्तू आणि एक विस्कळीत बैठकीची खोली: प्रकरण अभ्यास

खोली सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि दहा फूट उंच. दार एका आखूड भिंतीत, खिडकी बरोबर समोरच्या आखूड भिंतीत. आत शिरताना डाव्या हाताला सात फुटी राखाडी सोफा, उजव्या हाताला सहा फुटांचं तपकिरी लाकडी टीव्ही युनिट. भिंती ऑफ-व्हाइट, पडदे फिकट बदामी, फरशी मलई रंगाची. सोफ्यासमोर एक बदामी गालिचा, त्याच्या कडेनं बोटभर रुंदीची मोरपंखी रेघ. खिडकीजवळ, सोफ्याच्या टोकाला एक लहान गोल टेबल आणि दाराशेजारी तीन फूट उंचीचं अरुंद कपाट.

यातलं काहीच वाईट नव्हतं. मोठ्या वस्तूंचे रंग एकमेकांशी भांडत नव्हते, उलट फारच समजूतदारपणे गप्प बसले होते. गोंधळ होता तो लहान वस्तूंचा. लाल काठाचं घड्याळ, सोनेरी पट्टीच्या दोन फ्रेमा, त्यांच्याशेजारी निळी आणि काळी फ्रेम, पिवळी फुलदाणी, जांभळी प्लास्टिकची फुलं, हिरवा पेन-स्टँड. वर्षानुवर्षं एकेक करून आलेल्या या वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू एकटी पाहिली तर ठीकच होती. पण राखाडी-बदामी खोलीत प्रत्येक वेगळा रंग एकेकटा ओरडत होता, आणि नजर कुठे ठरत नव्हती.

घरातल्या मंडळींनी उपाय ठरवला तो योग्य होता: लहान वस्तूंसाठी एकच ॲक्सेंट, म्हणजे उठावाचा, रंग घ्यायचा. रंगही चांगला निवडला, मोरपंखी. तो गालिच्यात आधीच होता, त्यामुळे खोलीत उपरा वाटणार नव्हता. उठावाचा रंग शोधताना शेडकार्ड उघडण्याआधी खोलीतला गालिचा, पडदा, एखादं चित्र नीट पाहावं, ते याचसाठी. जो रंग तिथे थोडासा का होईना आहे, तोच वाढवला की नव्या वस्तू जुन्या खोलीशी आपोआप जोडल्या जातात. मात्र रंग बरोबर निवडूनही पहिला प्रयत्न फसला.

पहिला प्रयत्न: दुकानाचं कपाट

एकदम सात मोरपंखी वस्तू आणल्या गेल्या. बारा इंची सिरॅमिकची फुलदाणी, आठ इंची काचेची फुलदाणी, बारा इंच व्यासाचं घड्याळ, टेबलावर ठेवायच्या दोन फ्रेमा, एक मेणबत्तीचा स्टँड आणि एक वाडगा. घड्याळ टीव्हीच्या वर, आठ फुटांवर टांगलं आणि बाकी सहा वस्तू टीव्ही युनिटवर ओळीनं मांडल्या. जुन्या रंगीत वस्तू जिथल्या तिथे राहिल्या.

सोफ्यावर बसून पाहिलं की समोर दुकानातलं मांडणीचं कपाट दिसे. दारातून पाहिलं की खोलीची उजवी बाजू मोरपंखी आणि डावी बाजू बहुरंगी. एका रंगामुळे खोली जुळून येण्याऐवजी तिचे दोन तुकडे झाले.

अशा वेळी पहिला विचार येतो तो म्हणजे रंग कमी पडला, आणखी वस्तू आणा. ६०-३०-१० चा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा. इथे जरा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. घड्याळाचा फक्त काठ मोरपंखी होता, एक इंच रुंदीचा. बारा इंची वर्तुळातून दहा इंची वर्तुळ वजा केलं की रंगीत भाग उरतो सुमारे ३५ चौरस इंच. आठ बाय दहाच्या फोटोभोवती इंचभर पट्टी म्हणजे ४० चौरस इंच, दोन फ्रेमांचे ८०. मोठी फुलदाणी समोरून साधारण ५५, छोटी २५, वाडगा आणि स्टँड मिळून ३५. एकूण २३० चौरस इंच, म्हणजे जेमतेम दीड चौरस फुटाच्या वर. खोलीच्या चार भिंतीच ५४० चौरस फूट. सातही वस्तू धरून रंग भरतो ०.३ टक्के.

म्हणजे लहान वस्तूंनी दहा टक्के गाठायचे तर खोलीत दुकानच उघडावं लागेल. तो नियम पडदे, खुर्च्या, रंगवलेली एखादी भिंत यांच्यासाठी ठीक आहे. फुलदाणी, घड्याळ आणि फ्रेम यांचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. शांत रंगांच्या खोलीत एक मोरपंखी ठिपका दिसला की नजर तिकडे जाते, आणि मग तसाच दुसरा ठिपका कुठे आहे ते शोधते. दुसरा ठिपका खोलीच्या दुसऱ्या बाजूला सापडला, की त्या दोघांमधली जागाही नजरेनं पार केलेली असते. खोली जोडली जाते ती या प्रवासामुळे. सगळे ठिपके सहा फुटांच्या एकाच ओळीत असले, तर नजरेला जायला दुसरीकडे जागाच उरत नाही. प्रश्न किती रंग आहे याचा नव्हता, तो कुठे आहे याचा होता.

आधी वजाबाकी

दुरुस्तीची सुरुवात मांडणीनं नाही, उपसण्यानं झाली. खोलीतल्या सगळ्या लहान वस्तू जमिनीवर चादर पसरून तिच्यावर आणल्या, भिंतीवरच्या फ्रेमांसकट. मग तीन ढीग केले. पहिला ढीग बिनबोलक्या रंगांचा: लाकूड, पांढरा, काळा, साधी काच, धातू. दुसरा मोरपंखी. तिसरा उरलेल्या सगळ्या रंगांचा. कुंडीतली झाडं पहिल्या ढिगात धरायची, कारण पानांचा हिरवा रंग डोळ्याला सजावटीसारखा वाटत नाही. मोरपंखीच्या बाबतीत एवढंच ध्यानात ठेवायचं की हिरव्यागार पानांच्या अगदी शेजारी तो जास्त निळा दिसतो आणि निळ्या वस्तूशेजारी जास्त हिरवा. तसा तो मुळातच दोन घरचा पाहुणा.

तिसऱ्या ढिगाला या खोलीत जागा नाही, हे मान्य करणं सगळ्यात अवघड जातं. लाल घड्याळ चालू असतं, सोनेरी फ्रेमांत जवळची माणसं असतात. इथे वाट अशी काढली: फोटो तेच ठेवून चारपैकी दोन फ्रेमा पांढऱ्या रंगवल्या, बाकीचे दोन फोटो आतल्या खोलीत गेले. लाल घड्याळ स्वयंपाकघरात, पिवळी फुलदाणी आणि जांभळी फुलं बाहेर, पेन-स्टँड ड्रॉवरमध्ये. ही वजाबाकी केल्याशिवाय मोरपंखी वस्तू कितीही नेमक्या जागी ठेवल्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण लाल आणि पिवळा हे दोन्ही रंग मोरपंखीपेक्षा आधी डोळ्यात भरतात. राखाडी सोफ्यावर एक लाल काठ दिसला की नजर तिथेच अडकते.

यानंतर एक दिवस खोली तशीच रिकामी ठेवली. पोकळ वाटते, पण कोणत्या जागी काहीतरी हवं आहे ते त्या एका दिवसात कळतं. इथे तीन जागा रित्या वाटल्या: सोफ्यामागची भिंत, खिडकीजवळचं गोल टेबल आणि दाराशेजारच्या कपाटावरची भिंत. टीव्ही युनिट रिकामं असूनही फारसं खटकलं नाही. पहिल्या मांडणीत नेमका तिथेच सगळा माल भरला होता.

कोणती वस्तू कुठे, आणि का

सोफ्यामागच्या भिंतीसाठी सातापैकी एकही वस्तू पुरेशी नव्हती. सात फुटी सोफ्यावर आठ बाय दहाची फ्रेम टांगली तर ती भिंतीवर चिकटवलेल्या तिकिटासारखी दिसते. तिथे २४ बाय ३६ इंचांचं आडवं चित्र लावलं, त्यात साधारण एक तृतीयांश भाग मोरपंखी, बाकी बदामी आणि राखाडी. म्हणजे एकट्या चित्रात दोन चौरस फूट मोरपंखी आला, सातही वस्तूंच्या बेरजेपेक्षा जास्त. त्याची फ्रेम मुद्दाम बारीक लाकडी पट्टीची घेतली. चित्रात रंग असताना पट्टीही त्याच रंगाची केली तर दोघांची धार जाते.

चित्राच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडून पांढऱ्या रंगवलेल्या दहा इंच रुंदीच्या फ्रेमा आल्या. १० + ३ + ३६ + ३ + १० म्हणजे ६२ इंच. सोफा ८४ इंच. सोफ्यावरचा समूह सोफ्याच्या दोन तृतीयांशापासून तीन चतुर्थांशापर्यंत रुंद असला की तो सोफ्याचाच भाग वाटतो, त्यात हे बसतं. उंचीचं म्हणाल तर मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, पण सोफ्यावर तो आकडा डोळे झाकून लावू नये. सोफ्याची पाठ ३४ इंचांवर होती, तिच्यावर आठ इंच सोडून चित्राची खालची कड ४२ वर आणि मध्य ५४ वर आला. ५७ धरला असता तर सोफा आणि चित्र यांच्यात अकरा इंचांची पट्टी उघडी राहिली असती आणि चित्र सोफ्याला सोडून वर निघाल्यासारखं दिसलं असतं. खिळा ठोकण्यापूर्वी तिन्ही फ्रेमांच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीवर चिकटवले, दारातून पाहिले, मगच ठोकाठोकी.

काचेची फुलदाणी खिडकीजवळच्या गोल टेबलावर गेली. खिडकीच्या भिंतीला किंवा खिडकीच्या पुढ्यात ठेवलेली सिरॅमिकची वस्तू दिवसा काळपट दिसते, कारण उजेड तिच्या मागून येतो आणि आपल्याला तिची सावलीतली बाजू दिसते. मोठी सिरॅमिकची फुलदाणी आधी तिथेच ठेवून पाहिली होती, दुपारी ती चक्क काळी वाटली. पारदर्शक काचेचं उलट आहे. मागून येणारा उजेड तिच्यातून पार होतो आणि रंग पेटल्यासारखा होतो. खिडकीजवळ काच, आतल्या बाजूला सिरॅमिक किंवा लाकूड, ही वाटणी कुठल्याही खोलीत उपयोगी पडते. एकच खबरदारी: गोलाकार काचेची फुलदाणी पाण्यानं भरून थेट उन्हात ठेवू नये. ती भिंगाचं काम करते आणि उन्हाचा बिंदू पडद्यावर किंवा कागदावर पडून तो जळू शकतो. इथे टेबल खिडकीपासून अडीच फूट आत, ऊन पोहोचणार नाही असं सरकवलं.

घड्याळ टीव्हीवरून काढलं. टीव्हीचा मोठा काळा चौकोन आणि त्याच्यावर आठ फुटांवर गोल चकती, यात घड्याळ वेळही नीट सांगत नाही आणि रंगही दाखवत नाही. ते दाराशेजारच्या अरुंद कपाटावरच्या भिंतीवर आणलं, मध्य जमिनीपासून ६६ इंचांवर. ही भिंत खिडकीच्या बरोबर समोर असल्यामुळे दिवसाचा उजेड तिच्यावर थेट पडतो, काठाचा रंग स्वच्छ दिसतो आणि सोफ्यावरून मान किंचित वळवली की वेळही वाचता येते.

मोठी फुलदाणी मात्र टीव्ही युनिटवरच राहिली, फक्त एकटी. पहिल्यांदा ती टीव्हीला खेटून ठेवली होती. गडद मोरपंखी वस्तू काळ्या पडद्याशेजारी संध्याकाळी दिसेनाशी होते. म्हणून ती युनिटच्या खिडकीपासून लांबच्या टोकाकडे, टीव्हीच्या कडेपासून दीड फूट दूर सरकवली आणि खाली दोन आडवी पुस्तकं घातली. मागे ऑफ-व्हाइट भिंत आली, उंची तीन इंच वाढली आणि फुलदाणी सुटी दिसू लागली. शेजारी एक बुटकी लाकडी पेटी. एका समूहात मोरपंखी वस्तू एकच, बाकीच्या मुक्या रंगांच्या.

दोन फ्रेमा, स्टँड आणि वाडगा यांना जागा सापडली नाही. युनिटच्या दुसऱ्या टोकाला एक फ्रेम ठेवून पाहिली, तर फुलदाणी आणि फ्रेम टीव्हीला कंसात घातल्यासारखी दिसू लागली. दुसरी फ्रेम घड्याळाखाली कपाटावर ठेवली, तर त्या दोघांची जोडी होऊन नजर तिथेच थांबली. वाडगा सोफ्यापुढच्या टेबलावर ठेवला, पण खालीच गालिच्याची मोरपंखी रेघ होती आणि वाडग्यानं तिच्याकडचं लक्ष काढून घेतलं. चारही वस्तू काढल्या. सात आणून त्यातल्या तीन ठेवायच्या आणि एक चित्र नवं घ्यायचं, हा हिशोब मंडळींना पटायला वेळ लागला. पण दारात उभं राहिलं की डावीकडे चित्र, उजवीकडे फुलदाणी, समोर खिडकीजवळ काच, असा त्रिकोण दिसत होता. सोफ्यावर बसलं की फुलदाणी, घड्याळ आणि पायाशी गालिच्याची रेघ. कुठल्याही नेहमीच्या जागेवरून तीन ठिपके आणि तेही वेगवेगळ्या उंचीवर, एवढं मिळालं की पुढे भर घालायची गरज नसते.

दिवा लागला की रंग फुटतो

खरी अडचण संध्याकाळी दिसली. दिवसा चारही वस्तू एकाच घरातल्या वाटत. दिवे लागले की घड्याळाचा काठ निळा, फुलदाणी हिरवट आणि चित्र राखाडी.

याची कारणं दोन, आणि ती वेगळी करून पाहिली तरच उपाय सापडतो. पहिलं कारण दिवे. छतावरची ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी, आणि टीव्हीशेजारचा दिवा २७०० केल्विनचा पिवळा. पिवळ्या प्रकाशात निळा अंश कमी असतो, त्यामुळे त्याखाली मोरपंखी हिरव्याकडे झुकतो आणि थोडा मळकट होतो. पांढऱ्या ट्यूबखाली तोच निळ्याकडे जातो. फुलदाणी पिवळ्या दिव्याजवळ आणि घड्याळ ट्यूबच्या उजेडात, म्हणून दोघं दोन दिशांना ओढले जात होते. सगळे दिवे ३००० केल्विनचे केले आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले घेतले. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, साधे दिवे ८० च्या आसपास असतात. संध्याकाळी रंग थोडा बदलणारच. तो सगळ्या वस्तूंचा एकाच दिशेनं बदलला तर डोळ्याला जाणवत नाही.

दिवे बदलल्यावर चित्र आणि फुलदाणी जुळली. घड्याळ तरी निळंच राहिलं. हे दुसरं कारण. दोन वस्तूंत वेगवेगळी रंगद्रव्यं वापरलेली असली, तर त्या एका उजेडात तंतोतंत सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. दुकानात ट्यूबखाली घड्याळ आणि फुलदाणी शेजारी धरून जुळवली होती, ती जुळणी त्या ट्यूबपुरतीच खरी होती. म्हणून खरेदीला जाताना सोबत रंगाचा नमुना न्यावा आणि नवी वस्तू दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात एकदा, पिवळ्या दिव्याखाली एकदा, अशी दोनदा पाहावी. नमुना म्हणून फोनमधला फोटो चालत नाही. कॅमेरा पांढरा रंग आपल्या मतानं ठरवतो आणि मोरपंखीसारख्या रंगात हमखास चुकतो. गालिच्याचा सुटलेला धागा किंवा रंगवलेला कार्डाचा तुकडा फोटोपेक्षा भरवशाचा.

रंग जुळवायचा म्हणजे सगळं एकाच छटेत हवं असंही नाही. इथे फुलदाणी गडद, घड्याळ मधलं आणि काच फिकी होती, ते फायद्याचंच ठरलं. चारही वस्तू हुबेहूब एका छटेच्या असत्या तर संच विकत आणल्यासारखं वाटलं असतं. गडद-फिकं चालतं. चालत नाही ते एक निळ्याकडे आणि एक हिरव्याकडे जाणं. घड्याळात तीच चूक होती.

घड्याळाचा काठ रंगवताना

काठ प्लास्टिकचा, चकचकीत. अशा पृष्ठभागावर सरळ रंग मारला तर तो पहिल्या आठवड्यात नीट दिसतो आणि नंतर नखानं सालीसारखा सुटतो, कारण गुळगुळीत प्लास्टिकला रंग धरायला काहीच नसतं. म्हणून आधी सेल काढला, मागचे स्क्रू सोडवून काच, तबकडी आणि यंत्र वेगळं केलं आणि फक्त काठ हातात घेतला. काटे काढायची गरज पडली नाही. तबकडीसकट यंत्र बाजूला ठेवता येत असेल तर काट्यांना हात लावूच नये, ते वाकले की एकमेकांत अडकतात आणि घड्याळ बंद पडतं.

काठ साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी पूर्ण जाईपर्यंत हलकं घासलं. घासून झालं की काठ सगळीकडे सारखाच मंद दिसायला हवा. कुठे चमक उरली असेल तर रंग तिथूनच सुटणार. ओल्या फडक्यानं पुसून, वाळल्यावर प्लास्टिकसाठीच्या प्रायमरचा एक पातळ हात दिला. रात्रभर थांबून ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात, दोन्हींत चार तासांचं अंतर.

रंग घरीच मिसळला. निळा आणि हिरवा जवळपास सारखा, त्यात थोडा पांढरा, आणि शेवटी काडीच्या टोकावर येईल इतकाच तपकिरी. हा तपकिरीचा थेंब महत्त्वाचा. नुसता निळा-हिरवा मिसळला की रंग प्लास्टिकच्या बादलीसारखा भडक होतो, तपकिरी त्याला फुलदाणीच्या जवळ आणून ठेवतो. पण थेंबाऐवजी चमचा पडला की चिखल होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या काठाला ३० मिलिलिटर रंग भरपूर झाला, थोडा डागडुजीसाठी बाटलीत उरलाही.

मिश्रण डब्यात पाहून ठरवलं नाही. ॲक्रिलिक ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा पांढऱ्या कार्डावर ओढून, पूर्ण वाळवून, मग तो फुलदाणीशेजारी दिवसा आणि दिव्याखाली धरून पाहिला. चौथा पट्टा दोन्ही वेळा जुळला. तरी एक फरक राहिलाच: फुलदाणीचा झिलईचा मुलामा चमकतो आणि काठ मॅट होता, म्हणून तोच रंग काठावर जरा फिका, पिठूळ वाटत होता. वरून अर्धचमकदार वार्निशचा एक हात दिल्यावर रंगाला खोली आली.

काचेची फुलदाणी साधी बिनरंगी काचेची असती तर ती आतून रंगवण्याचा मोह झाला असता. तसं करता येतं, पण मग तिच्यात पाणी घालता येत नाही. आतला रंग पाण्यात भिजून सुटतो आणि पापुद्रे फुलांच्या देठांना चिकटतात. शिवाय काच रंगानं अपारदर्शक झाली की खिडकीजवळ ठेवण्याचं कारणच संपतं. तिथे मुळातच रंगीत काच हवी.

तपासणी आणि पुढचे काही महिने

सगळं लागल्यावर दोन तपासण्या केल्या. दारातून आणि सोफ्यावरून एकेक फोटो काढून तो काळा-पांढरा केला. त्यात एखादी वस्तू मागच्या पृष्ठभागात मिसळून गेली, तर रंगीत खोलीतही तिचा उठाव कमीच पडणार. टीव्हीला खेटलेली फुलदाणी आधी अशाच फोटोत पकडली गेली होती. दुसरी तपासणी कागदाची: एकेका वस्तूवर पांढरा कागद धरायचा आणि दारातून, मग सोफ्यावरून पाहायचं. घड्याळ झाकलं तर सोफ्यावरून काहीतरी कमी वाटलं, फुलदाणी झाकली तर दारातून खोली डावीकडे कलली. जी वस्तू झाकूनही काही बिघडत नाही, ती काढून ठेवायची.

काचेच्या फुलदाणीत काही आठवड्यांनी पाण्याच्या पातळीवर पांढरी कड दिसू लागली. ते पाण्यातले क्षार. ते वाढले की काच धुरकट होते आणि उजेड पार होणं थांबतं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवलं की क्षार सुटतात. मग बाटलीच्या ब्रशनं घासायचं. घासणी वापरली तर ओरखडे पडून काच कायमची मंद होते.

मोठी घसरण मात्र वेगळीच झाली. घराचा रंग मोरपंखी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. चार महिन्यांत रिमोट ठेवायचा ट्रे, टेबलमॅट, पेन-स्टँड, दुसरी फुलदाणी आणि कुंडीची बशी अशा पाच मोरपंखी वस्तू आल्या, त्यातल्या तीन पुन्हा टीव्ही युनिटवर. खोली पहिल्या दिवशीसारखीच उजवीकडे झुकली. ट्रे, मॅट आणि बशी यांना मोरपंखी असण्याचं काहीच कारण नव्हतं, रोज हाताळायच्या त्या वस्तू लाकडी किंवा पांढऱ्या असत्या तर दिसल्याही नसत्या. पाचपैकी चार बाहेर गेल्या. दुसरी फुलदाणी पहिलीपेक्षा आकारानं चांगली होती, म्हणून युनिटवर ती ठेवली आणि जुनी उचलली. तेव्हापासून आत येणाऱ्या प्रत्येक मोरपंखी वस्तूसाठी एक बाहेर काढायची, नाहीतर नवी वस्तू त्या रंगात घ्यायचीच नाही, असं ठरलं.

ही पद्धत चालली कारण खोलीतल्या मोठ्या वस्तू मुक्या होत्या. सोफा आधीच लाल असता किंवा पडदे मोठ्या फुलांच्या छापाचे असते, तर चार मोरपंखी ठिपके त्यात हरवले असते. तशा खोलीत वेगळा उठावाचा रंग आणण्याऐवजी छापातलाच एक रंग उचलून घड्याळ आणि फ्रेमा त्यात घ्याव्या लागतात, आणि तेही पडद्यापासून लांबच्या भिंतीवर.